साडीच्या फोटोवरून रंग, नक्षी, धाटणी मॉडेलकडून काढणे आणि व्यापाऱ्याच्या यादीशी ताडून पाहणे

काठपदर

ऑनलाइन साडी दुकानाच्या कॅटलॉगचं काम आहे. माल तीन प्रकारचा: सुरतेच्या प्रिंटेड आणि जॅकार्ड साड्या, येवल्याच्या पैठण्या, आणि इरकल-नारायणपेठी देणारे दोन व्यापारी. प्रत्येकाची एक्सेल वेगळी. कुणी अंगाचा रंग लिहितो, कुणी काठाचा, कुणी नुसतं "डी-214 / 3" लिहून मोकळा होतो.

आता व्हिजन मॉडेलला फोटो आणि सोबत व्यापाऱ्याने दिलेलं शीर्षक देतो. त्याच्याकडून अंगाचा रंग, काठाचा रंग, पदराचा रंग, अंगावरची नक्षी आणि धाटणी मागवतो आणि ते एक्सेलशी जुळवतो. जुळणी फार छान दिसते, जवळजवळ सगळं बरोबर. पण परत येणाऱ्या साड्यांवर "रंग वेगळा आला" हा शेरा काही कमी होत नाही. मग ही जुळणी खरी की खोटी? आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे कुणाचं धरायचं?

---

धोटा_७

शीर्षक सोबत देताय तिथेच गोम आहे. "रामा ग्रीन पैठणी विथ राणी बॉर्डर" असं वाचल्यावर मॉडेल फोटोत रामा शोधतं आणि त्याला तो सापडतोच. म्हणजे तुम्ही एक्सेल एक्सेलशीच जुळवताय, मध्ये फक्त फोटोचा फेरा पडतोय.

मॉडेलला फक्त फोटो द्या. फाइलचं नावसुद्धा बदलून `img_0041.jpg` सारखं करा, कारण काही ठिकाणी नाव प्रॉम्प्टमध्ये जातं. फोटोवरच व्यापाऱ्याने "RAMA – 2150/-" छापलेलं असतं, ते मॉडेल वाचतं. त्यासाठी `text_in_image` असं वेगळं खातं ठेवा. त्यात काही आलं तर ती पट्टी कापून फोटो पुन्हा पाठवा.

उत्तर मोकळ्या वाक्यात न मागता ठरलेल्या साच्यात मागा. भाग दिसतच नसेल तर तसं सांगायची सोय हवी, नाहीतर घडी घातलेल्या साडीच्या न दिसणाऱ्या पदरालाही मॉडेल रंग देऊन टाकतं.

```json
{
  "body":   {"visible": true,  "colour": "rama", "second": null},
  "border": {"visible": true,  "colour": "rani", "zari": "gold"},
  "pallu":  {"visible": false, "colour": null,   "motif": null},
  "body_pattern": "butti",
  "text_in_image": ""
}
```

`zari` हे मुद्दाम रंगापासून वेगळं ठेवलंय. जरीचा सोनेरी लिहायला रंगाचंच खातं दिलं तर तीच जर एका फोटोत मोहरी, दुसऱ्यात तपकिरी आणि फ्लॅश पडला की पांढरी होते.

एवढं केल्यावर जुळणीचा आकडा खाली येईल. घाबरू नका, खरा आकडा तोच.

---

लॅबवाला

रंगासाठी मॉडेलची गरजच काय? फोटोतला मधला भाग घ्या, लॅब रंगपद्धतीत न्या, के-मीन्सने पाच गट पाडा, सर्वात मोठ्या गटाचा रंग म्हणजे साडीचा रंग. फुकट, जलद, आणि सीड पक्का ठेवला की दर वेळी तेच उत्तर. मॉडेलला तोच फोटो दोनदा दिला तर एकदा मरून म्हणेल, एकदा वाइन.

---

धोटा_७

@लॅबवाला, मोजणी पिक्सेलवरून करावी हे मान्य. पण मोजायचं कुठे हे के-मीन्सला कळत नाही. मॉडेलने नेसलेली साडी असेल (माणूस मॉडेल म्हणतोय) तर मोठा गट बऱ्याचदा मागच्या भिंतीचा निघतो, दुसरा त्वचेचा. भरजरी ब्रोकेड असेल तर जर अंगाला खाऊन टाकते. चौकड्याच्या साडीत दोन रंग बरोबरीने असतात, त्यात मोठा कोण हे घडीवर ठरतं.

म्हणून कामं वाटून द्या. अंग कुठे, काठ कुठे, पदर कुठे हे व्हिजन मॉडेलने सांगावं, चौकट द्यावी किंवा सेगमेंटेशनने मुखवटा काढावा. त्या भागातले पिक्सेल तुम्ही मोजा. अतिउजळ आणि अतिगडद असे दोन्हीकडचे थोडे पिक्सेल सोडून उरलेल्यांचा मध्यक घ्या, सरासरी नको. मॉडेलने दिलेला शब्द आणि मोजलेला आकडा दोन्ही साठवा. शब्द "पोपटी" आणि आकडा गडद निळ्यातला, असं निघालं तर बहुधा चौकटच चुकीच्या भागावर पडलेली असते. ही तपासणी एक्सेल उघडायच्याही आधी होते.

---

नीलमोहर

फोटोग्राफी बघते, त्या बाजूने दोन गोष्टी.

आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-3 प्रोफाइलमध्ये येतात. वेबसाइटसाठी फोटो लहान करणारी स्क्रिप्ट रंग एसआरजीबीत न नेता प्रोफाइल नुसतं काढून टाकते, आणि मग तेच आकडे एसआरजीबी समजून वाचले जातात. राणी आणि केशरी फिके पडतात. एकाच साडीचा मूळ फोटो आणि साइटवरचा फोटो शेजारी ठेवून मोजलं की लगेच दिसतं: फरक लाल-गुलाबी-केशरीत जास्त, राखाडीत जवळजवळ नाही. आधी रूपांतर करा, मग प्रोफाइल काढा.

दुसरं व्हाइट बॅलन्स. दुकानातला पिवळा दिवा असेल तर मोतिया साडी क्रीम होते आणि आकाशी राखाडीकडे जातो. स्वतः फोटो काढत असाल तर प्रत्येक सत्राच्या पहिल्या फोटोत राखाडी कार्ड ठेवा, 24 चौकोनांचा रंगतक्ता असेल तर आणखी बरं. व्यापाऱ्याच्या फोटोत कार्ड नसणार. तिथे मागची भिंत पांढरी असेल तर तिचा रंग मोजा. ती पिवळसर निघाली तर त्या फोटोवरच्या रंगाच्या निकालाला "शंकास्पद" शिक्का द्या. भिंतीवरून साडीचा रंग सुधारायला जाऊ नका, कारण भिंत मुळातच क्रीम रंगाची असू शकते.

---

सईसाड्या

छान माहिती! मला पण हेच हवंय. एका साडीचा फोटो देऊन बाकीचे सात रंग एआयनेच बनवून मिळतात का? फोटोशूटचा खर्च वाचेल.

---

काठपदर

@सईसाड्या, ताई, इथे उलटं चाललंय. फोटोत जे आहे ते ओळखायचंय, नवे रंग तयार नाही करायचे.

---

नीलमोहर

पण सईताईंनी अनवधानाने मोठं दुखणं दाखवलं. व्यापारी नेमकं हेच करतात. एक साडी शूट होते, उरलेले रंग फोटोशॉपमध्ये ह्यू फिरवून. मग फोटोतला रंग आणि एक्सेलमधला रंग अगदी जुळतात, कारण एक्सेल बघूनच फोटो रंगवलाय. प्रत्यक्ष साडी मात्र वेगळ्या डाय-लॉटची. काठपदर यांचे परतीचे शेरे यातलेच असू शकतात.

ओळखायचं कसं: एका डिझाइनचे सगळे फोटो कृष्णधवल करून एकमेकांवर ठेवा. खऱ्या शूटमध्ये निऱ्या, पदराची घडी, हाताची बोटं थोडी तरी हलतातच. रंगवलेल्या फोटोत प्रत्येक सुरकुती जागच्या जागी. परसेप्च्युअल हॅश काढला तर अशा फोटोंमधलं अंतर शून्याच्या आसपास येतं. केसांच्या कडेला किंवा बांगडीवर साडीच्या रंगाची झाक सांडलेली दिसली तर मग शंकाच नको.

अशा डिझाइनला `recoloured = true` लावा आणि त्यातली जुळणी जमेत धरू नका. व्यापाऱ्याकडून त्या रंगांचे घडीचे साधे मोबाइल फोटो मागवा, उजेडात खिडकीजवळ काढलेले. दिसायला वाईट असतात पण खरे असतात.

---

येवलेकर

रंगाचं एवढं मोजमाप चाललंय म्हणून सांगतो. पैठणीत धूपछाव असते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरव्या ताण्यावर निळा बाणा टाकला की मोरपंखी दिसते. समोरून बघाल तर एक रंग, घडी मोडून तिरपं धराल तर दुसरा. व्यापाऱ्याने मोरपंखी लिहिलं, मशीनने हिरवा सांगितला, तर चूक कुणाचीच नाही. फोटो ज्या कोनातून काढला तसा तो दिसणार.

---

धोटा_७

येवलेकर, बरोबर. यासाठीच साच्यात `second` ठेवलंय. धूपछाव ओळखायला एक फोटो पुरत नाही. एकाच साडीचे निदान तीन फोटो घ्या, त्यातला एक निऱ्या किंवा घडी दिसणारा. प्रत्येकात अंगाचा रंग मोजा. साध्या कापडात फोटोगणिक उजळपणा बदलतो, रंगछटा मात्र जागेवर राहते. धूपछावेत छटाच सरकते, आणि घडीच्या वळणावर एकाच फोटोत दोन छटा शेजारी-शेजारी दिसतात. असं दिसलं तर दोन्ही रंग लिहा आणि यादीतला रंग त्या दोघांपैकी एकाशी किंवा दोघांच्या मधल्याशी जुळला तरी जुळला असं धरा.

गडद रंगांतही सावध. बॉटल ग्रीन, नेव्ही, वाइन, काळा. लॅबमध्ये एल 20 च्या खाली गेला की छटेचा कोन नुसता गोंधळ असतो, जेपीईजीच्या दाबण्याने तो कुठेही फिरतो. तिथे आकड्यावरून निकाल देऊ नका, माणसाकडे पाठवा.

---

काठपदर

शीर्षक काढून टाकलं, साचा लावला. हे एक सुरतेचं डिझाइन, बारा रंगांचं. डावीकडे एक्सेल, उजवीकडे मॉडेलने फोटोवरून सांगितलेला अंगाचा रंग:

1 राणी → राणी
2 रामा → केशरी
3 मोहरी → राखाडी
4 आमसुली → लाल
5 पोपटी → रामा
6 आकाशी → मोहरी
7 अबोली → मरून
8 बॉटल ग्रीन → पोपटी
9 जांभळा → आकाशी
10 केशरी → अबोली
11 राखाडी → बॉटल ग्रीन
12 लाल → जांभळा

बारापैकी एकच जुळला. म्हणजे शीर्षकाशिवाय मॉडेल आंधळंच आहे की काय?

---

लॅबवाला

आमसुलीला लाल, अबोलीला मरून, बॉटल ग्रीनला पोपटी. एकाच कुळातले रंग ते मिसळतंय. मॉडेलांचा हा जुना दोष. शब्दांची यादी कमी करा, बारा रंगांऐवजी लाल, हिरवा, निळा एवढंच विचारा, आकडा सुधारेल.

---

धोटा_७

कुळातल्या गोंधळाचा मुद्दा एरवी खरा आहे, पण इथे तो लावला तर 2 नंबरला रामाचा केशरी कसा झाला? ते एका कुळात नाहीत.

उजवी बाजू वरून खाली वाचा. पाचव्या ओळीपासून: रामा, मोहरी, मरून, पोपटी, आकाशी, अबोली, बॉटल ग्रीन, जांभळा. ही तर एक्सेलचीच 2 ते 9 ओळींची क्रमवारी. आणि दुसऱ्या ते चौथ्या ओळीत 10, 11, 12 चे रंग. फोटोंची नावं `1.jpg` ते `12.jpg` असणार आणि कुणीतरी ती अक्षरक्रमाने लावली: 1, 10, 11, 12, 2, 3… मॉडेलने बाराही रंग नीट ओळखलेत, फक्त आमसुलीला मरून म्हटलंय, ते तुमच्या शब्दकोशात जोडायचं. फोटो चुकीच्या ओळींना चिकटलेत.

हे हाताने शोधत बसू नका. डिझाइनमधल्या प्रत्येक फोटोचं प्रत्येक ओळीशी रंगाचं अंतर काढा आणि एकूण अंतर सर्वात कमी होईल अशी जोडणी शोधा.

```python
import numpy as np
from scipy.optimize import linear_sum_assignment
from skimage.color import deltaE_ciede2000

# P[i]: सध्या i ओळीला जोडलेल्या फोटोचा Lab, S[i]: i ओळीच्या रंगाचा Lab
a, b = np.broadcast_arrays(P[:, None, :], S[None, :, :])
cost = deltaE_ciede2000(a, b)
r, c = linear_sum_assignment(cost)
moved = int((c != np.arange(len(c))).sum())
now, best = np.trace(cost), cost[r, c].sum()
```

`moved` दोन किंवा जास्त आणि `best` हे `now` च्या निम्म्याहून कमी, तर "फोटो अदलाबदल?" म्हणून पूर्ण डिझाइन एकदम माणसापुढे ठेवा. बारा वेगवेगळ्या तक्रारी होण्यापेक्षा एक होते. आपोआप अदलाबदल मात्र करू नका. एका डिझाइनमध्ये गुलाबी आणि अबोली दोन्ही असतील तर प्रकाशाच्या किरकोळ फरकाने ते जागा बदलतात आणि आकडा थोडा सुधारल्यासारखा वाटतो.

---

काठपदर

बघितलं. फोटो जोडणारी स्क्रिप्ट खरंच नावाच्या अक्षरक्रमाने लावते. नऊ रंगांपर्यंत काही बिघडत नाही, दहावा आला की घोळ. म्हणून छोट्या डिझाइनमध्ये कधी दिसलंच नाही.

पण `S` कुठून आणायचा? एक्सेलमध्ये "रामा" हा शब्द आहे, आकडा नाही.

---

धोटा_७

शब्दाचा आकडा व्यापाऱ्यागणिक वेगळा बांधा. एकाचा रामा हिरव्याकडे झुकतो, दुसऱ्याचा निळ्याकडे. "गजरी" तर कुणाचा गुलाबी, कुणाचा जवळजवळ लाल. इंटरनेटवरच्या रंगनावांच्या तक्त्यातून आकडे उचलले तर पहिल्याच दिवशी शेकड्याने खोट्या तक्रारी येतील.

व्यापारी + रंगशब्द अशी जोडी घ्या. त्या जोडीच्या, माणसाने हातात धरून पाहिलेल्या निदान पाच साड्यांचे फोटो मोजा, मध्यक ठेवा आणि त्या पाचांतला पसारासुद्धा ठेवा. पसारा मोठा निघाला तर तो व्यापारी तो शब्द सैल वापरतो असं समजा आणि त्या शब्दावर कडक निकाल लावू नका.

मग उंबरठे. रंगांतलं अंतर, म्हणजे डेल्टा ई 2000, सहाच्या आत असेल तर जुळलं, बाराच्या वर असेल तर नाही जुळलं, मधलं माणसाकडे. हे आकडे सुरुवातीपुरते; तुमच्या तपासलेल्या नमुन्यावर हलवा. हे सूत्र छोट्या फरकांसाठी बनवलंय, त्यामुळे 35 आणि 50 यात कोण जास्त चुकीचं असा अर्थ काढू नका, दोन्ही नुसते "लांब".

---

पडदेवाले

आमचं पडदे आणि चादरींचं आहे. आमच्याकडे रंगापेक्षा नक्षीत जास्त मार बसतो. बारीक चौकडी असेल तर मॉडेल सरळ "प्लेन" लिहितं. आणि ज्यात पानं-फुलांचा मागमूस नाही तिथेही "फ्लोरल". व्यापाऱ्याच्या यादीत रिपीट 64 सेंमी लिहिलेलं असतं, मॉडेलला तेही सांगता येत नाही. हे साडीतही होतं का?

---

धोटा_७

होतं, आणि कारण बरंचसं फोटोच्या आकारात असतं. बहुतेक मॉडेलं फोटो आत घेताना लहान करतात. साडीचा पन्हा साधारण 115 सेंमी. तो फोटोत 1000 पिक्सेलमध्ये आला तर एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरभराहून थोडं जास्त. नारायणपेठीची बारीक चौकडी तीन मिमीची असेल तर ती दोन-तीन पिक्सेलवर येते. पुढे आणखी लहान झाली की विरघळून जाते, किंवा मॉयरे होऊन भलतेच पट्टे उमटतात.

म्हणून एकाच वेळी तीन चित्रं द्या: पूर्ण साडी, अंगाचा मूळ रिझोल्यूशनचा तुकडा, काठाचा तुकडा. नक्षीचा प्रश्न तुकड्यावरून विचारा. पूर्ण फोटोवर "प्लेन" आणि तुकड्यावर "चौकडी" असं उत्तर आलं तर तुकड्याचं धरा. जुना व्यापारी-फोटो मुळातच 600 पिक्सेलचा असेल तर तुकडा काढूनही काही हाती लागत नाही, अशा फोटोचं "प्लेन" हे उत्तर "माहीत नाही" समजा.

"फ्लोरल" चं कारण निराळं. पर्याय मोघम असले की मॉडेल सर्वात ऐसपैस पर्यायात जाऊन बसतं. पर्याय दिसणाऱ्या खुणांवर बांधा: बुट्टी सुटी आहे की वेलीने जोडलेली? बुट्टीत मोर, कोयरी, कमळ, नाणं की नुसती भूमिती? ओळीत आहे की एकाआड एक? अशा तीन छोट्या प्रश्नांची उत्तरं "फ्लोरल" या एका शब्दापेक्षा पक्की येतात. पर्यायांचा क्रम दर वेळी बदला. क्रम बदलल्यावर उत्तर बदललं तर मॉडेलला ते दिसलेलं नाही, अंदाज मारलाय. मॉडेल स्वतः "खात्री 0.95" लिहून देतं, त्या आकड्यापेक्षा ही तपासणी जास्त कामाची.

रिपीट सेंमीत मॉडेलकडून मागू नका. फोटोत पट्टी किंवा ओळखीच्या मापाची वस्तू नसेल तर ते शक्यच नाही. तिथे व्यापाऱ्याचं माप घ्या.

---

येवलेकर

धाटणीचं काय करताय? मोराचा पदर आणि जर दिसली की सगळे पैठणी लिहितात. साइटवर साडेतीन हजारांची "पैठणी" बघून आमच्याकडे येऊन भाव विचारतात.

---

काठपदर

मॉडेल तेच करतं. मुनिया, बांगडी मोर, असावली, कमळ यातलं काहीही दिसलं की `style: paithani`. व्यापारीही तेच लिहितो. म्हणजे दोघांचं जुळलं, पण साडी पॉवरलूमची.

---

येवलेकर

पदराची उलटी बाजू बघा. हातमागावर रंगाचा धागा नक्षीच्या कडेशी वळून परत येतो, म्हणून मागूनही नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मशीनच्या जॅकार्डमध्ये मागे धागे लोंबतात नाहीतर कापलेले असतात, कधी मागून जाळी लावून झाकलेले. समोरच्या फोटोवरून मलाही छातीठोक सांगता येणार नाही, तर मशीनला काय सांगता येईल?

---

धोटा_७

हाच नियम करा: पदराच्या उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो नसेल तर मॉडेलला धाटणीत "पैठणी" हा पर्यायच देऊ नका. `pallu.motif` मध्ये बांगडी मोर, मुनिया, असावली येऊ दे, तेवढं डोळ्यांना दिसतं. उलट बाजूचा फोटो असेल तर एवढाच प्रश्न विचारा: मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात का, हो, नाही की स्पष्ट नाही. "हो" आणि यादीत हातमाग असेल तर विसंगती. "नाही" आलं म्हणून हातमाग सिद्ध झालं असं नाही, जाळी लावलेली असू शकते. "पैठणी" हे भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे, ते फोटोच्या अंदाजावर उत्पादनाला चिकटवू नये.

धाग्याच्या जातीचंही तसंच. रेशीम की आर्ट सिल्क, जर चांदीची की टेस्टेड, हे फोटोतून कळत नाही. चमकेवरून मॉडेल "सिल्क" लिहितं, आणि पॉलिस्टर तर बऱ्याचदा रेशमापेक्षा जास्त चमकतं. ही खाती मॉडेलच्या साच्यातच नकोत. ती व्यापाऱ्याकडून, आणि शुद्ध रेशमाचा दावा असेल तर सिल्क मार्कच्या लेबलाचा फोटो सोबत.

कुणाचं धरायचं या तुमच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. दिसणाऱ्या गोष्टीत, म्हणजे अंग-काठ-पदराचा रंग कुठे कुठला आणि नक्षी कुठली यात फोटो वरचढ, फोटो खरा असेल तर. धागा, जर, विणकाम, माप यात व्यापारी वरचढ. आणि विसंगती आली की आधी "फोटो याच साडीचा आहे का?" हे विचारा, मग बाकीचं.

---

लॅबवाला

जिथे दोघांचं जुळतं ते न तपासता सोडायचं का?

---

धोटा_७

नाही. जुळलेल्यातले शेकडा पाच तरी चिठ्ठ्या टाकून उचला आणि साडी हातात घेऊन तपासा, व्यापाऱ्यागणिक वेगळे उचला. नीलमोहर यांनी सांगितलेले रंगवलेले फोटो हॅशच्या तपासणीतून निसटले तर इथेच सापडतात, विसंगतीच्या ढिगात ते सहसा येत नाहीत.

मोजमापासाठी सुमारे तीनशे साड्यांचा पक्का नमुना करा. दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं. त्या दोघांतच "डाळिंबी की मरून" यावर मतभेद असतील तर मॉडेलने तिथे त्यांच्याहून वर जावं ही अपेक्षा चुकीची. अंगाचा रंग, काठाचा रंग, नक्षी, प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवा. सगळ्यांचा मिळून एक टक्का काढला तर अंगाच्या रंगाचं यश पदराच्या चुका झाकतं.

---

नीलमोहर

एक राहिलं. धूपछावेचे दोन रंग साठवले, पण गिऱ्हाईक फिल्टरमध्ये "निळा" दाबेल तेव्हा मोरपंखी दाखवायची का?

---

धोटा_७

मी दोन्हीकडे दाखवेन. निळ्यातही, हिरव्यातही.

---

येवलेकर

मग निळी समजून घेईल आणि हिरवी दिसली म्हणून परत करेल. धूपछाव असा वेगळा फिल्टरच ठेवा.

---

काठपदर

तो फिल्टर किती जण उघडतील शंकाच आहे. सध्या दोन्हीकडे दाखवतो, पहिला फोटो घडी मोडून दोन्ही छटा दिसतील असा ठेवतो, आणि परतीच्या शेऱ्यात धूपछाव वेगळी मोजतो. इरकलचा टोपी-तेणीचा पदर मात्र मॉडेल अजून "टेंपल बॉर्डर" म्हणूनच सांगतंय. तुकडा दिला, पर्याय दिले, तरी तेच. कुणी जमवलंय का?

---

पडदेवाले

नमुन्याचे चार-पाच फोटो प्रॉम्प्टमध्येच देऊन बघा, "ही टोपी-तेणी, हा टेंपल काठ" असे शेजारी-शेजारी. आमच्याकडे इकत आणि इकत-प्रिंट असेच थोडेफार वेगळे झाले, सगळे नाही.